सातबाऱ्यावरची रिकामी ओळ : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या खात्याच्या सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' अशी एक जागा छापलेली असते. ज्यांनी हा नमुना आखला त्यांना ती ओळ हवीशी वाटली होती, म्हणून ती तिथे आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक संगणकीय उताऱ्यांवर मात्र ती कोरी दिसते. आमच्या घरी आजोबांच्या काळातला हाताने लिहिलेला उतारा आहे. त्यावर तलाठ्याच्या वळणदार अक्षरात 'लवण' असे लिहिलेले आहे. त्याच शेताच्या आजच्या उताऱ्यावर गट क्रमांक आहे, क्षेत्र आहे, आकार आहे, 'लवण' गेले. ती ओळ पुन्हा भरली जावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी शेतकऱ्याच्या घरातली. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. नोकरीत असताना मुलांना शिवाराची नावे गोळा करायला लावत असे. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. त्यांतली एकच वाट आपल्याला दाखवते, आमच्या टेकडीवरून ओढ्यापर्यंत उतरणारी. चालायला पंधरा मिनिटे लागतात.

वर आहे राखणीची टेकडी. आज ती बोडकी आहे, पण राखण म्हणजे गवतासाठी गुरे न सोडता राखलेले रान, हे जुन्या माणसांना माहीत आहे. तिच्या पायथ्याला बरड : वीतभर माती, खाली मुरूम, बाजरी-हुलग्यापलीकडे फारसे काही न येणारी जमीन. त्याखाली उपळी. त्याखाली लवण, म्हणजे दोन्ही अंगांनी उतरत आलेला खोलगट भाग, जिथे वरची माती वाहून येऊन साठली. आणि अगदी ओढ्याच्या कडेला मळई, पुराने आणून टाकलेल्या गाळाची. पाच नावांत उताराची सगळी माती आणि सगळे पाणी वाचता येते. कोणी ठरवून केलेले हे वर्गीकरण नाही. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणाऱ्यांनी ज्या जागेचा जो गुण पाहिला तो तिथे चिकटला.

यातल्या उपळीची हकिगत सविस्तर सांगते, कारण तिथे नाव पुसल्याचे नुकसान मी डोळ्यांनी पाहिले.

आमच्या गावी एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर मोडून गट पडले. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याचा हेतू चांगला होता, विखुरलेले तुकडे एकत्र यावेत. पण गट आखताना बरडाचा खालचा कोपरा, उपळी आणि लवणाचा थोडा भाग एकाच क्रमांकात आला. तीन जातींच्या जमिनीला एक आकडा मिळाला. पुढे त्या गटातले तीन एकर एका बाहेरगावच्या तरुण शेतकऱ्याने घेतले. माणूस कष्टाळू आणि अभ्यासू. त्याने उतारा पाहिला, नकाशा पाहिला, मे महिन्यात वरच्या थरातली माती तपासून घेतली. अहवाल चांगला आला. त्याने डाळिंब लावले.

दुसऱ्या पावसाळ्यात झाडे मधल्या पट्ट्यात पिवळी पडू लागली, वर आणि खाली हिरवीगार. त्याला वाटले रोग आहे. औषधे झाली. शेवटी एका मरतुकड्या झाडाच्या बुडाशी त्याने खड्डा घेतला, तर गुडघाभर खोलीवर पाणी झिरपत होते आणि मुळे काळी पडून कुजली होती. शेजारच्या म्हातारबाई बांधावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाबा, ही उपळी हाय. हितं भादव्यात पाणी वर येतं. आमी हितं कदी तूरसुदिक पेरली न्हाई. पानी वसरलं की हरभरा टाकायचो."

कारण साधे आहे. टेकडीवर पडलेला पाऊस मुरमातून खाली मुरतो. मुरमाखाली कातळ लागला की त्याला आणखी खाली जाता येत नाही, मग ते कातळाच्या पाठीवरून उताराने सरकते. जिथे उतार मोडतो आणि चिकण काळी माती सुरू होते, तिथे वाट अडते आणि पाणी वर उपळते. हे घडते पावसाळ्याच्या अखेरीस. मे महिन्यातल्या वरवरच्या मातीच्या नमुन्यात त्याचा मागमूस नसतो. ओळखायची खूण आहे : लव्हाळा उगवतो, आणि आजूबाजूच्या काळ्या रानाला भेगा पडल्या तरी हा पट्टा उशिरापर्यंत भेगाळत नाही. पण ज्याला नावच ठाऊक नाही तो खूण शोधणार तरी कशाला? त्याने पुढे मुरूम संपतो तिथे उताराला आडवा चर खणला, छातीएवढा खोल, आणि पाणी ओढ्याला काढून दिले. खालची निम्मी झाडे वाचली.

महोदय, आपल्याच खात्याच्या पूर्वसुरींना हे माहीत होते. 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी जी मोजणी सुरू केली, तिथून मुंबई इलाख्याची सर्व्हे नंबरांची पद्धत पसरली. पुढे तिचे नियम पक्के झाले, तेव्हा जमिनीची प्रत ठरवताना मातीची खोली आणि रंग पाहून वर दोष मोजले जात : चुनखडी, रेती, उतार, वाहत्या पाण्याने होणारी धूप, आणि झऱ्यांचे उपळणारे पाणी. म्हणजे प्रतवारी करणारा कारकून जो दोष लिहून घेत होता, तोच दोष शेतकऱ्याच्या तोंडी नाव होऊन बसला होता. त्याही आधी, मराठेशाहीत, जमीन नावानेच नोंदली जाई. थळ म्हणजे एका घराण्याच्या कसणुकीची जमीन, आणि गावच्या थळांची यादी म्हणजे थळझाडा. घराणे नाहीसे झाले तरी थळाचे नाव चालू राही.

विहिरींचेही असेच. आमच्याकडे एक चौमोटी आहे. चार मोटा एका वेळी चालतील एवढी तिची बांधणी, म्हणून हे नाव. साताऱ्याजवळ शेरी लिंब इथली अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर लोक लांबून पाहायला येतात. पण त्या ठिकाणच्या 'शेरी' या शब्दाकडे कोण पाहते? शेरी म्हणजे सरकारची खासगी जमीन. विहिरीचा एवढा मोठा खर्च तिथे का झाला असेल, याचा धागा त्या दोन अक्षरांत आहे. आमच्या गावात दुसरीकडे 'धावेवरचं' नावाचे शेत आहे. मोट ओढताना बैल ज्या उतरणीवरून खाली जातात ती धाव. आज तिथे विहीर दिसत नाही. नावावरून विचारपूस केली तेव्हा कळले की ती बुजवून वर गोठा बांधला आहे. कागदावर त्या विहिरीची खूण आता राहिलेली नाही, नावात तेवढी आहे.

नावांवर डोळे झाकून भरवसा ठेवावा असे मी म्हणत नाही. मोटांच्या संख्येवरून बांधणी कळते, उन्हाळ्यात पाणी किती टिकत होते ते कळत नाही. 'आमराई' म्हटलेल्या शेतात आज एकही आंबा नाही. 'वीस बिघे' आता वाटण्या होऊन पाच घरांत विभागले आहे. माणसाच्या नावाने चालणारी शेते पिढीमागे नाव बदलतात. मातीच्या आणि पाण्याच्या गुणावरून पडलेली नावे मात्र मालक बदलला तरी सहसा हलत नाहीत. नोंदताना हा फरक ओळखला पाहिजे. आणि एक धोका आहे तो शुद्धलेखनाचा. 'लवण' म्हणजे मीठ असे समजून कोणी ते खारपड जमिनीत टाकेल, 'उपळी'ला अपभ्रंश समजून कोणी दुरुस्त करेल. नाव गावात जसे उच्चारले जाते तसेच लिहिले गेले पाहिजे.

एका नाजूक बाबीबद्दल स्पष्ट लिहिते. 'हाडोळा' किंवा जातीच्या नावाने ओळखली जाणारी वतनाची शेते अनेक गावांत आहेत. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली, जमिनी भोगवटादार वर्ग 2 म्हणून परत देण्यात आल्या आणि त्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय शासनाने 2020 मध्ये घेतला, तो योग्यच आहे. अशी नावे रोजच्या उताऱ्यावर छापू नयेत असे माझे मत आहे. पण ती नष्टही करू नयेत, कारण कोणाची जमीन कोणाच्या हाती कशी गेली हे तपासताना ते नाव पुरावा शोधायची दिशा दाखवते. ती अभिलेखात राहावीत, मागणाऱ्याला मिळावीत.

आता मागणी. नवे खाते नको, नवी योजना नको. हस्तलिखित सातबाऱ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आपल्याकडे आहेत. त्यांवर जिथे स्थानिक नाव लिहिलेले आहे, तिथे पहिल्यांदा तेच जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्यासाठी कोणालाही विचारायची गरज नाही. जिथे नाही, तिथे ई-पीक पाहणीच्या वेळी विचारावे. शेतकरी तेव्हा मोबाइल घेऊन शेतातच उभा असतो आणि फोटोबरोबर जागेची नोंद होतेच. त्यात 'या शेताला काय म्हणतात?' एवढा एक रकाना वाढवावा. एका गटात तीन नावे असतील तर तिन्ही घ्यावीत, कारण आमच्यासारख्या गटात नेमके तेच सांगण्याजोगे आहे. दोन घरे दोन नावे सांगत असतील तर दोन्ही लिहावीत. जमलेली यादी चावडीवर वाचून दाखवावी, म्हणजे म्हातारी माणसे चुका तिथल्या तिथे सांगतील. ही नोंद मालकीचा पुरावा मानली जाणार नाही, हेही परिपत्रकात लिहावे. नाहीतर नावावरून भांडणे लागतील.

जुन्या वाटणीपत्रांचाही प्रश्न यातून सुटू लागेल. आमच्या घरातल्या वाटणीपत्रावर गट नाही, सर्व्हे नंबरही नाही. 'लवण थोरल्याकडे, बरड व उपळी धाकट्याकडे, चौमोटीत निम्मे पाणी' असे आहे. आज हे वाचून जागा दाखवू शकतील अशी माणसे गावात तीनच उरली आहेत. त्यांतल्या दोघांनी ऐंशी ओलांडली आहे. तिसऱ्या त्याच बांधावरच्या म्हातारबाई. त्या अजून रोज रानात येतात. येत्या खरिपाच्या पाहणीला आपला माणूस आला, तर मी त्यांना घेऊन बांधावर थांबते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि खातेदार