कोपर बसवून देणाऱ्या डॉक्टरताईंचे आभार

पायरीवर लेकीला तिचा एक हात धरून उचललं आणि तिचा हात लटकाच राहिला. कोपर किंचित वाकलेलं, तळवा मांडीकडे, सूज कुठेच नाही. ओपीडीतल्या ताईंनी ती पडली नाही ना, हे आधी विचारलं आणि खांद्यापासून मनगटापर्यंत हाड चाचपलं. कोपरातलं गोल बंधन हाडाच्या डोक्यावरून सरकून सांध्यात अडकलंय, एक्स-रे नको, म्हणाल्या. कोपरावर अंगठा ठेवून त्यांनी तळवा झटकन खाली वळवला. टक्! लेक किंचाळली. पण ताई उठल्या नाहीत; त्याच हाताच्या बाजूला बिस्किट धरून बसल्या. दहा मिनिटांत तिने ते त्याच हाताने ओढून घेतलं. हे पुन्हा निसटू शकतं, काखेत हात घालूनच उचला, असंही बजावलंत. ताई, नाव विचारायचं राहिलं, मनापासून आभार.