नळी गोठली नाही, एवढ्यावर इंजेक्शन पास होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला हॉर्सशू क्रॅबच्या रक्तावरचा लेख वाचला. 'नळीतलं मिश्रण गोठलं नाही की इंजेक्शन सुरक्षित' असं आपण छापलंत. औषध कंपनीच्या गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी काढलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य वाचून संताप आला.

०.१ मिली नमुना आणि तेवढंच लायसेट, म्हणजे त्या रक्तातल्या पेशींचा अर्क, ३७ अंशांवर तासभर न हलवता ठेवायचं, मग नळी उलटी करायची. घट्ट गोळा जागेवर राहिला तर एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं ताप आणणारं विष, आहे, हे बरोबर. पण औषधानेच लायसेटला काम करू दिलं नाही तर? द्रावण फार आम्ल असलं किंवा त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधून ठेवणारं काही असलं, तर एंडोटॉक्सिन असूनही नळी पातळच राहते. म्हणून शेजारी दुसरी नळी लावतात. तिच्यात तेच औषध, आणि वरून मोजून घातलेलं एंडोटॉक्सिन. ती गोठलीच पाहिजे. आपल्या लेखात तिचा उल्लेखही नाही!

एका कारखान्यात आमच्याकडे १०० मिग्रॅ प्रति मिली ताकदीचं एक प्रतिजैविक आलं होतं. एंडोटॉक्सिनची मर्यादा मिलीग्रॅममागे ०.२ युनिट, म्हणजे मिलीमागे २० युनिट. लायसेटची संवेदनशीलता ०.१२५, म्हणजे मिलीमागे एवढे युनिट असले की ते गोठतं. वीस भागिले ०.१२५, म्हणजे १६० पटीपर्यंत पातळ करून तपासायची मुभा होती. नमुना पातळ न करताच लावला गेला. नळी पातळ राहिली आणि लगेच उत्पादन विभागाचे साहेब बॅच सोडायला सांगू लागले. पण एंडोटॉक्सिन घातलेली नळीही पातळच होती! मी सही केली नाही. १६० पट पातळ करून पुन्हा लावलं, तेव्हा ती गोठली आणि तिच्यासोबत नुसत्या औषधाची नळीही गोठली. म्हणजे मिलीमागे किमान २० युनिट. फेरतपासणीतही तेच आलं आणि बॅच नापास झाली. 'निर्जंतुक आहे ना?' असं मला त्या दिवशी किती जणांनी विचारलं! जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणाचा तो अंश उरतो, ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांतही नीट नष्ट होत नाही, आणि रोग्याला थंडी वाजून ताप भरतो. काचेच्या कुप्या २५० अंशांवर अर्धा तास भाजतात त्या यासाठीच.

आणखी एक. लेखासोबत चिंबोरीचा फोटो कुणी लावला? हॉर्सशू क्रॅब हा खेकडाच नव्हे, तो कोळी-विंचवांच्या जवळचा. ओडिशात बालासोरच्या किनाऱ्यावर तो आढळतो, तिथला फोटो मिळाला असता.

दुसऱ्या नळीबद्दलची दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, बोईसर