आठ वर्षांनी लिहिलेल्या निरोपाला उत्तर देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

नव्या कारखान्यात रुजू होऊन महिना झाला, तरी आपले ते उत्तर आठवले की अजून घसा दाटून येतो.

भोसरीतला आपला जुना कारखाना बंद पडल्यावर मी आधी अशा दोघांना लिहिले होते, ज्यांच्याबरोबर पूर्वी रोज डबा खात असे. "ओळखलंत का? एक काम होतं," एवढी प्रस्तावना आणि खाली बायोडेटा. एकाने नुसता अंगठा पाठवला. दुसरा "बघतो" म्हणाला, तो अजून बघतोच आहे. अर्थात दिवाळीला आलेला संदेश पुढे ढकलण्यापलीकडे मीही कधी त्यांची विचारपूस केली नव्हती.

आपल्याला लिहिताना मात्र हात अडला. पहिल्या मसुद्यात "सहज आठवण आली" असे होते, ते मी खोडले. कारण दोन दिवसांनी काम सांगितले असते, तर ती आठवण गळाला लावलेले आमिष ठरली असती. दुसऱ्यात आठ वर्षांच्या मौनाबद्दल इतकी क्षमायाचना होती, की माझी समजूत काढण्याचे काम आपल्याच गळ्यात पडले असते. शेवटी एवढेच लिहिले: "आठ वर्षे फोन केला नाही, चूक माझी. लेथवरून नुकताच उतरलेला शाफ्ट लगेच मोजू नये, हे आपण शिकवलेत. 50 मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट 20 अंशांनी गरम असला, तर माप शतांश मिलिमीटरने फसवते, हे मी पुढे प्रत्येक शिकाऊ मुलाला सांगितले. सध्या नोकरी नाही, हे लपवत नाही. पण आज मागणे काही नाही. उत्तराची घाई नाही." बायोडेटा जोडला नाही.

त्याच संध्याकाळी आपले उत्तर आले: "मायक्रोमीटर हातात धरून बसायची तुझी सवय गेली का? रविवारी दहाला फोन कर, मी चहा घेऊन बसते." पुढे जे झाले त्यापेक्षा मला हे वाक्य मोठे वाटते, कारण विचारण्याचा संकोच माझ्यापर्यंत पोहोचण्याआधीच आपण तो दूर केलात. वेळही आपणच ठरवलीत, म्हणून मला ती मागावी लागली नाही.

फोनवर मी "कुठे जागा आहे का" असे विचारले नाही. माझ्या अनुभवाच्या तपासनिसाने आता काय शिकावे, एवढेच विचारले. तीन अक्षांवर मोजणाऱ्या यंत्राचे काम शिक, असे आपण स्पष्ट सांगितलेत. ओळखीच्या गृहस्थांचा क्रमांकही लगेच न देता, आधी त्यांना विचारून मग दिलात. माणसाची आणि त्याच्या वेळेची अशी अदब राखणारे थोडेच असतात.

दिवाळीपर्यंत थांबणार नाही. येत्या रविवारी दहाला, काहीही काम नसताना, फोन करतो.

आपला,
पहिल्या पाळीतला जुना तपासनीस