एफडी मोडण्याआधी

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू डबा न घेताच निघालीस. आई डबा हातात धरून दारात उभी होती आणि मी आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. बाहेर यायला हवं होतं. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय.

शनिवारी रात्री तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "बाबा, मुदतीआधी एफडी मोडली तर किती व्याज कापतात?" चौतीस वर्षं बँकेत काढली, हा प्रश्न सहज कुणी विचारत नाही. मी "कशाला हवेत पैसे?" म्हणून ओरडलो आणि तू गप्प झालीस. पुढचं सगळं तुटक तुटक कळलं. स्कॉटलंडमधला इंजिनिअर, तीन आठवड्यांची ओळख, तुझ्या वाढदिवसाचं पार्सल, दिल्लीच्या कस्टम्समधून आलेला फोन, ३२,५०० रुपये. आणि तुझं ते वाक्य, "त्याने माझ्याकडे एक रुपया मागितलेला नाही, उलट तोच देतोय."

मुग्धा, हे वाक्य मी आधी ऐकलंय.

२०१७ मध्ये आमच्या शाखेत एक बाई यायच्या. शाळेत शिक्षिका, तुझ्याच वयाच्या, एकट्या. एकदा ३५,००० च्या एनईएफटीचा फॉर्म घेऊन आल्या. लग्न जुळतंय म्हणाल्या, साइटवर ओळख झालीय, त्याने परदेशातून घड्याळ आणि दागिने पाठवलेत, ते सोडवायची ड्यूटी भरायचीय. मी अभिनंदन केलं. चार दिवसांनी परत आल्या. पार्सल स्कॅन करताना आत पौंडाच्या नोटा सापडल्या, त्याचा दंड ९६,०००. मग तिसऱ्यांदा, मनी लाँडरिंगची केस होऊ नये म्हणून कसलंसं प्रमाणपत्र, २,४०,०००. त्यासाठी त्यांनी एफडी मोडली. त्या कागदावर सही माझी आहे.

हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. तिसऱ्या वेळी आरटीजीएसचा फॉर्म तपासताना माझ्या लक्षात आलं होतं. तीन वेळचे पैसे तीन वेगवेगळ्या माणसांच्या बचत खात्यांत गेले होते, आणि आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं बघितली तर बँकाही तीन. मी विचारलं, "ही माणसं कोण?" त्या म्हणाल्या, "कस्टम्सचे एजंट." काउंटरवर रांग होती. मी पुढे विचारलं नाही. दोन दिवसांनी चौथी मागणी आली तेव्हा त्या रडत माझ्या टेबलाशी आल्या. तोवर त्या खात्यांत काही उरलं नव्हतं. आलेले पैसे त्याच दिवशी एटीएममधून काढलेले, नाहीतर पुढे वळवलेले. ३,७१,००० गेले.

त्या माणसाने त्यांच्याकडे एकदाही पैसे मागितले नव्हते. या फसवणुकीची बांधणीच अशी असते. एक जण फक्त देतो, प्रेमाने बोलतो, पार्सलचा फोटो पाठवतो. मागणारा दुसराच असतो, अधिकारी म्हणवणारा. त्यामुळे ज्याच्याशी लग्न करायचं त्याच्यावर संशय येतच नाही, उलट त्याची भेट अडकली म्हणून आपल्यालाच वाईट वाटतं. तो मागतोय का, एवढंच बघत बसलीस तर कधीच काही दिसणार नाही. त्याच्या ओळखीमुळे तुझा पैसा कुणाच्या खात्यात जायला निघालाय, ते बघ.

तू ३२,५०० कुठे भरायला सांगितलेत ते मला दाखवलं नाहीस. आता तूच बघ. तिथे एखाद्या व्यक्तीचं नाव असेल, किंवा कुणाच्या मोबाइल नंबरवरचा यूपीआय असेल, तर ते कस्टम्स नाही. कस्टम्सची ड्यूटी सरकारजमा होते. परदेशातून टपालाने पार्सल आलं तर त्यावरची ड्यूटी घरी देताना पोस्टमन घेतो आणि कागद देतो. कुरिअरने आलं तर कुरिअर कंपनी रीतसर कागदपत्रं आणि बिल देते. कुणी अधिकारी व्हॉट्सॲपवर ओळखपत्राचा फोटो पाठवून आपल्या खात्यात पैसे मागत नाही. कस्टम्सच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. त्यांनी पाठवलेल्या लिंकवर मात्र काही तपासू नकोस. पार्सल कुठवर आलं ते दाखवणारी साइटही हे लोक स्वतःच बनवतात.

आणखी एक कर, एवढंच माझ्यासाठी. त्याला लिही, "मला भेट नको. पार्सल परत मागवून घे." खऱ्या माणसाला यात अवघड काय आहे? पाठवणारा तो, अडकलेली वस्तू त्याची. तो काय उत्तर देतो ते नीट वाच. त्या शिक्षिकेने दुसऱ्या मागणीनंतर हेच लिहिलं होतं. तो आधी रुसला, माझ्यावर विश्वास नाही म्हणाला, आणि तासाभरात 'अधिकाऱ्याचा' फोन आला की आता पार्सल नाकारलं तर तुम्हालाच अटक होईल. त्या घाबरल्या आणि तिसरे पैसे भरले.

परत शिकवायला लागलो ना. माफ कर. तू नऊ वर्षं ऑडिट करतेस. लोकांच्या वह्यांमधली चूक तुला माझ्याआधी दिसते. आजीच्या पेन्शनमधला फरक तू बारावीत असताना शोधला होतास आणि मी ते शाखेत सगळ्यांना सांगत फिरलो होतो. माझ्या मुलीला कळत नाही असं मला एक क्षणही वाटलेलं नाही.

मला राग माझाच येतो. तुला प्रोफाइल काढायला मी लावलं. वार्षिक उत्पन्नाचा रकाना तू मोकळा ठेवला होतास, तो मी भरला. घटस्फोटाचं वर्षही मीच लिहिलं, लपवण्यासारखं काय आहे म्हणून. एकटी आहे, कमावती आहे, हे त्या माणसाला कुठे शोधावंही लागलं नाही. तो साइटवरून तिसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर आला, व्हिडिओ कॉलला रिगवर नेटवर्क नसतं म्हणाला, हे तू सांगत होतीस तेव्हा तुझा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. मी त्याच चेहऱ्यावर ओरडलो.

एफडी मोडलीस का? पावती निळ्या फाइलमध्ये माझ्यापाशी आहे, पण हल्ली पावती लागत नाही, मोबाइलवरून मोडता येते. म्हणून रात्री झोप लागत नाही.

मोडली असशील, पैसे गेले असतील, तरी मला आधी फोन करू नकोस. आधी १९३० लाव. त्या शिक्षिकेच्या वेळी हा नंबर नव्हता. पैसे ज्या खात्यात गेले तिथेच अजून असतील तर ते गोठवता येतात, पण यात तास महत्त्वाचे असतात, दिवस नाही. त्याच वेळी तुझ्या बँकेला कळव आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाक. व्यवहाराचा यूटीआर नंबर लागेल. त्याच्याशी झालेलं बोलणं पुसू नकोस, रागाने त्याला काही लिहूही नकोस. चौकशीत तेच कागद कामाला येतात.

आणि मग मला फोन कर. किती गेले हे मी विचारणार नाही. सध्या फोन उशाशी ठेवतो, आवाज चालू करून. आईला यातलं काही बोललो नाही. ती डब्याचंच विचारतेय.

तुझे,
बाबा