स्वेझ, भोर घाट आणि पेटीवरचा तेलाचा डाग

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘डायनामाइट’वरचा लेख वाचला. दोनदा वाचला. पहिल्या वेळी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुसऱ्या वेळी खात्री झाली की चष्मा ठीक आहे.

लेखक म्हणतात, स्वेझचा कालवा आणि आपल्या भोर घाटातले रेल्वेचे बोगदे ‘डायनामाइटच्या जादूने’ झाले. नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं ते 1867 साली. भोर घाटातून गाडी सुरू झाली 1863 मध्ये. म्हणजे घाटातले पंचवीस बोगदे आणि ते सगळे कडे ज्यांनी फोडले, ते चार वर्षं पुढचं सामान आधीच उधार आणून बसले होते म्हणायचं. दोरांवर लोंबकळून कातळात भोकं पाडायची, त्यांत काळी दारू ठासायची, वात पेटवायची आणि वर ओढून घेण्यासाठी ओरडायचं, असं ते काम होतं. हजारो माणसं त्यात आणि साथींत गेली. त्यांच्या घामाचं श्रेय तुम्ही स्वीडनला पाठवून मोकळे झालात. स्वेझचं काम 1859 ला सुरू होऊन 1869 ला संपलं आणि तिथे उपसायची होती ती बहुतेक वाळू नि गाळ. ते काम फावड्यांचं आणि गाळ काढणाऱ्या यंत्रांचं. कालव्याचंच उदाहरण हवं होतं तर पनामाचं घ्यायचं. त्यावर पुढे येतो.

चुका होतात, मान्य. पण मूळ मुद्दाच उलटा सांगितला आहे, म्हणून हा कागद खराब करतो आहे. लेखक म्हणतात, डायनामाइट ‘सर्वांत शक्तिशाली’ असल्यामुळे बोगदे भराभर झाले. साहेब, डायनामाइट हे नायट्रोग्लिसरीनपेक्षा कमजोर असतं! नायट्रोग्लिसरीन म्हणजे एक तेल, आणि तीन भाग ते तेल नि एक भाग माती असा डायनामाइटचा मूळ माल. चौथा हिस्सा मातीच, ती काय फुटणार? वेग दिला तो तेलाने. मातीने ते तेल बैलगाडीतून, बोटीतून, आगगाडीतून कामावर जिवंत पोचेल असं केलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेग तेलाचा कसा, हे अमेरिकेतल्या सिएरा नेवाडाच्या समिट बोगद्यात दिसतं. हा पॅसिफिकला जोडणाऱ्या रेल्वेचा बोगदा, 1659 फूट लांब, सगळा ग्रॅनाइट, फोडणारे मुख्यतः चिनी मजूर. तिथल्या इंजिनिअरने नोंद ठेवली आहे. काळ्या दारूने एका तोंडावर दिवसाला सरासरी 1.18 फूट सरकायचं, म्हणजे फूट-दोन इंच. 1867 मध्ये नायट्रोग्लिसरीन आणल्यावर 1.82 फूट झालं, म्हणजे फूट-दहा इंच. तीच माणसं, तेच घण, तोच दगड.

हे का झालं ते ज्याने हाताने भोक मारलं आहे त्यालाच कळेल. बोगद्यात वेळ स्फोटात जात नाही, भोक पाडण्यात जातो. काळी दारू मुळात जळते. भराभर, पण जळतेच. तिचा वायू दगडाला ढकलतो आणि भेग सापडली तर तिथून पळून जातो. म्हणून ती भरपूर लागते, म्हणून भोक रुंद लागतं, वर ठासणीही घट्ट हवी. नायट्रोग्लिसरीनला हवेतला प्राणवायू लागत नाही, तो त्याच्या रेणूतच असतो. त्याचा स्फोट सेकंदाला सात हजार मीटरहून जास्त वेगाने पसरतो, तेव्हा दगडाला भेगेतून वायू सोडायला वेळच मिळत नाही. समिटवर दारूसाठी अडीच इंचांचं भोक लागायचं, तेलासाठी सव्वा इंचाचं पुरलं. रुंदी निम्मी म्हणजे कुटून काढायचा दगड एक चतुर्थांश. बाकी धूरही कमी, त्यामुळे माणसं लवकर आत जाऊ शकत.

मग इतकं सगळं तेलानेच होत होतं तर डायनामाइट कशाला? कारण समिटवाले ते तेल बोगद्याशेजारीच रोजच्या रोज बनवत होते. बाहेरून आणण्याची सोय उरली नव्हती. आदल्या वर्षी, एप्रिल 1866 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला एका मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत एक पेटी आली. गळत होती. आत काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. उघडून पाहायला घेतली आणि पंधरा माणसं गेली.

इथेच माझं घोडं अडतं, कारण ती गळणारी पेटी मी पाहिली आहे. तीच नव्हे, तिची नात म्हणा.

बहात्तरच्या दुष्काळात मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आमच्या भागात विहिरी खोल करायच्या कामावर होतो. जिलेटिनच्या कांड्यांच्या पेट्या वाहायच्या, हे माझं काम. पहिल्याच दिवशी संध्याकाळी डोकं असं ठणकलं की भिंतीवर आपटावंसं वाटलं. आईने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. आमचे ब्लास्टर, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत, ते हसून म्हणाले, “पोरा, तेल अंगात गेलंय. कातड्यातून जातं. चार दिवसांनी सवय होईल. आठवडी बाजाराची सुटी झाली की पुन्हा दुखेल.” तसंच झालं. तेलाने रक्तवाहिन्या फुगतात, शरीर त्याला सरावतं, आणि एक-दोन दिवस खंड पडला की सराव जातो. पुढे वडिलांना छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायला जी गोळी दिली ती याच तेलाची. बाटलीवरचं नाव वाचून मी गार पडलो होतो.

पण सांगायचं होतं ते पेटीचं. मे महिना, पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेला जुना माल. एक पेटी उचलायला वाकलो तर मिस्त्रींनी मागून दंडच धरला. पेटीच्या तळाच्या फळीवर वाटीएवढा काळपट, तेलकट डाग होता. उघड्या पेटीतल्या वरच्या कांड्यांचा कागदही पराठ्याच्या कागदासारखा पारदर्शक झाला होता. “घाम सुटलाय तिला,” मिस्त्री म्हणाले. उचलायची नाही, ओढायची नाही, उघडायची तर नाहीच. सगळ्यांना शेडबाहेर काढलं. ठेकेदार चिडला. म्हणे, तेल बाहेर आलं तर आलं, आतला माल चांगलाच असेल. त्याला कळेना की जे बाहेर आलं आहे तेच मूळ भूत आहे. नोबेलने ज्याला बांधून ठेवलं होतं ते पुन्हा सुटं झालं होतं. परवान्याची माणसं येऊन तो माल घेऊन जाईपर्यंत तीन दिवस काम बंद. ठेकेदाराने त्या तीन दिवसांची मजुरी आम्हाला दिली नाही. मिस्त्रींची तर दिलीच नाही. हे मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून तुमच्या लेखातलं ‘नोबेलने स्फोटक पूर्णपणे सुरक्षित केले’ हे वाक्य वाचून मला ती फळी आठवली. पूर्णपणे नाही हो. सुट्या तेलात हवेचे बारीक बुडबुडे असतात. धक्का बसला की बुडबुडा दबतो, दबला की क्षणात तापतो आणि तिथून सगळं पेट घेतं. कीझेलगूर नावाची ती माती म्हणजे डायाटम या सूक्ष्म शेवाळांची कवचं, सगळी पोकळ. तेल त्या पोकळ्यांत मुरलं की सांडत नाही, हिंदकळत नाही, पिठाच्या गोळ्यासारखं कागदात गुंडाळता येतं. इतकंच झालं. पण त्या मातीला तेलापेक्षा पाणी जास्त प्रिय. ओल्या भोकात पाणी आत शिरून तेलाला बाहेर काढतं. थंडीत तेरा अंश सेल्सिअसच्या आसपास कांडी गोठते, आणि गोठलेली कांडी चुलीशी शेकायला गेलेल्या माणसांच्या कथा थंड मुलखांतल्या खाणींत पुष्कळ आहेत. पाण्याचं दुखणं नोबेलनेच 1875 मध्ये काढलं. मातीऐवजी नायट्रोसेल्युलोज घालून जेली केली. आपण ‘जिलेटिन’ म्हणतो ते नाव तिथून आलं.

आणि ‘टोपी’चा लेखात शब्दही नाही! इतक्या शांत झालेल्या कांडीला नुसती वात लावली तर ती बहुधा जळून जाईल. तिला हवा एक छोटा, तिखट दणका. पाऱ्याचं फल्मिनेट हे झटकन फुटणारं रसायन भरलेली ती डबी, म्हणजेच टोपी, नोबेलने डायनामाइटच्या आधीच केली होती. तिच्याशिवाय कांडी म्हणजे नुसती ओली माती. नोबेलचं खरं डोकं मला तिथे दिसतं. तुम्ही मात्र ‘तेल सांडले आणि मातीत मुरले, तोच चमत्कार’ ही गोष्ट छापली. ती गोष्ट नोबेलने स्वतः नाकारली होती. कोळशाची पूड, भुसा, सिमेंट असं एकेक करून बघितल्यावर तो मातीपाशी आला.

आता बोगदे. आल्प्समधला माँ सनीचा बोगदा 1857 ला सुरू झाला, काळ्या दारूवर, आणि दोन्ही तोंडं भेटली 1870 च्या नाताळात. गोट्टहार्ड त्याहून लांब, पंधरा किलोमीटर, 1872 ला सुरू झाला आणि डायनामाइटवर 29 फेब्रुवारी 1880 ला आरपार झाला. तेरा वर्षांच्या जागी आठ. पण सगळं श्रेय कांडीला देऊ नका, दाबलेल्या हवेवरची ड्रिल यंत्रंही तोवर सुधारली होती. ठेकेदार लुई फाव्र हा आरपार होण्याआधी सात महिने बोगद्यातच कोसळून गेला. (तिथे मजुरांनी संपही केला होता, 1875 ला. त्यांच्यावर गोळ्या चालल्या. आमचं तीन दिवसांच्या मजुरीवरच भागलं.)

पनामा कालव्यात अमेरिकनांनी सुमारे सहा कोटी पौंड डायनामाइट उडवलं. त्यातलं वीसएक टन 12 डिसेंबर 1908 ला बास ओबिस्पो इथे, भोकं भरणं संपत आलं असतानाच, आपणहून उडालं. तेवीस माणसं गेली. ‘पूर्णपणे सुरक्षित’!

जाता जाता. गेल्या महिन्याच्या शब्दकोड्यात ‘नायट्रोग्लिसरीनचा शोध लावणारा, तीन अक्षरी’ असं होतं. मी ‘सोब्रेरो’ भरलं, कारण ते 1847 मध्ये ट्युरिनच्या आस्कानिओ सोब्रेरोने शोधलं. तुमच्या उत्तरात ‘नोबेल’. दोघेही तीन अक्षरी, हे मान्य. पण त्यामुळे माझे उभे दोन शब्द चुकले आणि कुपन बाद झालं. त्याबद्दल पाठवलेलं पोस्टकार्ड आपण छापलं नाहीत. हे पत्र तरी छापावं. कापाकापी करायची असेल तर मिस्त्रींचा भाग राहू द्यावा.

आपला,
एक जुना वाचक