शिक्षा नावाचा घोटाळा

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार. जकार्ताची बदली पक्की झाली आणि तू लगेच लिहिलंस, "अर्धी भाषा तर आपलीच आहे, जमेल!" अरे, ओळखीचे शब्द दिसतात म्हणूनच गंमत होते. एका 'शिक्षा' या शब्दाचं बघ.

संस्कृतात शिक्षा म्हणजे मुळात शिकणं, शिकवणं. थायलंडमध्ये हा अर्थ टिकला. तिकडचं शिक्षण मंत्रालय स्वतःला 'शिक्षाधिकार' म्हणवतं. थाई लिपीत त्यातला तालव्य श आणि पोटफोड्या ष आजही वेगळे लिहितात, पण बोलताना दोन्हींचा नुसता स होतो. म्हणजे कानाला परका, डोळ्याला आपला. आपण मराठीत शिकणं 'शिक्षणा'कडे ठेवलं आणि शिक्षेच्या हाती छडी दिली. इंडोनेशियन त्याच्याही पुढे गेली: 'सिक्सा' म्हणजे छळ, यातना. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला इंडोनेशियाने 1998 मध्ये मान्यता दिली, त्या कराराच्या नावातला 'पन्यिक्साआन' म्हणजे हीच आपली शिक्षा, प्रत्यय लावलेली. 'सिक्सा नेराका' म्हणजे काय, हे मात्र तुला सांगायला नको.

संसाराचीही तीच तऱ्हा. मूळ अर्थ जन्ममरणाचा फेरा. तो दुःखाचा, हे बौद्धांनी घोकून घोकून सांगितलेलं. त्यामुळे थाईत 'सोंगसान' झालं कीव येणं, आणि इंडोनेशियनमध्ये 'सेंगसारा' म्हणजे हालअपेष्टा. तिथल्या चर्चमध्ये ख्रिस्ताच्या यातनांची कथा वाचतात, तिलाही 'सेंगसारा'च म्हणतात. आपण मात्र भांडीकुंडी घेऊन संसार थाटतो! (वहिनींना हे वाचून दाखवू नकोस.)

मात्र दर वेळी त्यांनीच अर्थ बदलला असं धरून चालू नकोस. 'चाहाया' म्हणजे उजेड, आणि तो आला छायेवरून. हे उलटंच वाटतं ना? पण संस्कृतात छाया म्हणजे सावली तशीच कांती, झळाळीही. त्यांनी झळाळी उचलली, आपल्याकडे सावली उरली. 'चिन्ता' म्हणजे तिकडे प्रेम. मुळात चिंता म्हणजे विचार, मनात घोळणं; त्यातून आपण काळजी काढली, त्यांनी प्रीती. तेव्हा ऑफिसातल्या कुणा बाईंना धीर देताना हा शब्द वापरू नकोस, धीर राहील बाजूला. काळजी करू नका म्हणायचं तर 'जांगान खवातिर'.

तुझ्या कामाचे शब्द त्या मानाने सरळ आहेत. ताळेबंदात 'लाबा' म्हणजे लाभच, 'बिआया' म्हणजे व्यय, खर्च. 'हार्गा' म्हणजे किंमत; ती 'अर्घ'वरून आली, आपल्या 'महार्घ'मधल्या. फक्त 'पर्कारा' दिसलं तर 'प्रकार' समजून पुढे जाऊ नकोस. त्याचा अर्थ बाब असा होतो, तसाच कोर्टातला खटलाही, म्हणून तो कागद आधी वकिलाला दाखव.

पोचलास की कळव.

तुझा,
बंड्या