विषय: शेड सेलच्या किटमधील चुकीचे माहितीपत्रक, सुटलेला क्लॅम्प आणि परस्पर बंद केलेली माझी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाशी चौथ्यांदा बोलून आत्ताच फोन ठेवला आहे. यापुढे फोन करणार नाही, जे आहे ते लेखी कळवते.

साताऱ्यात माझी बालवाडी आहे. अंगणातल्या वाळूच्या खड्ड्यावर सावली हवी म्हणून मार्चअखेर तुमची पाच बाय चार मीटरची शेड सेल घेतली. दोन कोपरे इमारतीच्या कॉलमला आणि दोन जीआय पाइपच्या खांबांना, प्रत्येक कोपऱ्यावर 6 मिलिमीटरची वायर रोप आणि ती फिरवून ताणायला एक टर्नबकल. सगळं तुमच्याच किटमधलं, आणि सगळं तुमच्या माहितीपत्रकात जसं दाखवलंय तसंच बसवलं.

मे महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, तेव्हा खांबाकडचा एक कोपरा सुटला. टर्नबकल दोरीसकट गोफणीसारखं फिरलं आणि वर्गाच्या खिडकीची काच फोडून आत पडलं. त्या खिडकीखाली मुलांचं बाक आहे. शनिवार होता, मुलं दुपारीच घरी गेली होती. एवढ्याच कारणाने मी आज हे पत्र लिहू शकते आहे.

तुमच्या कार्यालयातून कोणी पाहायला आलं नाही, म्हणून शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांनी कारखान्यात पंचवीस वर्षं क्रेनवर रिगरचं काम केलं आहे. त्यांनी सुटलेली दोरी हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "हा क्लॅम्प उलटा कोणी लावला?" मी तुमचं माहितीपत्रक त्यांच्या हातात दिलं. चित्रात तो तसाच उलटा आहे.

क्लॅम्पमध्ये एक यू-बोल्ट असतो आणि एक खाचांचं सॅडल, हे तुम्हाला मी सांगायला नको. फाशाच्या आतल्या धातूच्या खोबणीभोवती, म्हणजे थिंबलभोवती, दोरी वळवून आणली की एक भार ओढणारी बाजू होते आणि एक सुटं टोक. सॅडल भाराच्या बाजूवर बसलं पाहिजे, कारण त्याच्या खाचा दोरीला सगळीकडून धरतात. यू-बोल्टची गोल दांडी सुट्या टोकावर आली पाहिजे, कारण ती दोरी चेपते आणि चेपायचीच असेल तर जिच्यावर भार नाही ती चेपावी. तुमच्या चित्रात दांडी भाराच्या बाजूवर आहे. माझ्या दोरीवर त्या जागी पेड चपटे झालेत आणि बारीक तारा तुटून वर आल्यात. बोट फिरवलं तर टोचतात. काकांच्या म्हणण्याप्रमाणे अशा उलट्या क्लॅम्पने जोडाची ताकद निम्म्याहूनही खाली जाऊ शकते.

शिवाय क्लॅम्प एकच. एका फाशाला एक क्लॅम्प आणि वळवलेलं टोक जेमतेम पाच सेंटीमीटर! 6 मिलिमीटरच्या दोरीला काका तीन क्लॅम्प लावतात. एक सुट्या टोकाजवळ, एक थिंबलला लागून आणि तिसरा मधे, दोन क्लॅम्पमध्ये साधारण चार सेंटीमीटर अंतर. दोन्ही नट आळीपाळीने आवळायचे. दोरीवर ताण आला की ती किंचित बारीक होते आणि क्लॅम्पची पकड ढिली पडते, म्हणून पहिल्या ताणानंतर नट पुन्हा आवळायचे. यातलं एक वाक्यही तुमच्या कागदावर नाही.

क्लॅम्पवर इतका झटका आलाच कसा, तेही सांगते, कारण त्यातही तुमच्या सूचनेचाच हात आहे. चित्रात टर्नबकल जवळजवळ पूर्ण मिटलेलं दाखवलं आहे. आम्ही तसंच जोडलं आणि उरलेले आटे त्याच दिवशी संपवले. हे कापड विणलेलं असतं, पहिल्या काही आठवड्यांत ते ताणाने वाढतं. तीन आठवड्यांनी सेल मधे पोटासारखी लोंबायला लागली आणि टर्नबकलमध्ये ओढायला काहीच शिल्लक नव्हतं. टर्नबकल सुरुवातीला उघडं हवं, दोन्ही बोल्टांचे आटे आतून दिसतील इतपतच अडकलेले. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर थोडं थोडं फिरवत कापड ताणायचं आणि पुढच्या आठवड्यांसाठी आटे राखून ठेवायचे. ढिली सेल वाऱ्यात फडफडते, आणि प्रत्येक फडफडीला कोपऱ्यावर हिसका बसतो. ताशी 72 किलोमीटर वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे 24 किलो होतो. वीस चौरस मीटरच्या कापडातून जाळीमुळे थोडा वारा निघून गेला, तरी तो हिसका पाच सेंटीमीटर टोक आणि एक उलटा क्लॅम्प पेलणार नव्हता.

हे सगळं मंगळवारी सकाळी मी तुमच्या तांत्रिक विभागातल्या माणसाला फोनवर सांगितलं. बावीस मिनिटं. त्यातली चौदा मी नुसती थांबले होते. तो म्हणाला, "मॅडम, क्लॅम्प म्हणजे क्लॅम्प. उलटा काय न् सुलटा काय, तुम्ही आवळायला कमी पडलात." मी म्हटलं, "तुमचं माहितीपत्रक समोर घ्या, दुसऱ्या पानावरचं चित्र बघा." तो म्हणाला, "आमच्याकडे ते नसतं." मी सॅडल कुठल्या बाजूला हवं ते सांगायला लागले, तर मला मधेच तोडून म्हणाला, "घरात कोणी जेंट्स असतील तर त्यांना द्या फोन, त्यांना समजावतो."

मी पुन्हा विचारलं, "काय म्हणालात?" त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, मला ऐकू येत नसल्यासारखं. त्या चार कोपऱ्यांपैकी दोन मी स्वतः शिडीवर चढून बसवले आहेत. पाना माझ्या हातात होता. ज्या माणसाला सॅडल आणि यू-बोल्टमधला फरक ठाऊक नाही, तो माझ्या घरातल्या पुरुषांना काय समजावणार होता? फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत मेसेज आला: तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं, तक्रार बंद. कोणाचं समाधान झालं? काच माझी फुटली आणि बाक माझ्या मुलांचं आहे.

हे किट मी तुमच्या नावावर विश्वास ठेवून घेतलं होतं. बाजारात निम्म्या किमतीत मिळत होतं. मुलांच्या डोक्यावर लावायचं म्हणून जास्त पैसे मोजले, आणि चित्र उलटं निघालं.

मला किटचे आणि काचेचे पैसे परत हवेत. त्याहून आधी ते माहितीपत्रक मागे घ्या आणि ज्यांनी ज्यांनी हे किट नेलं आहे त्यांना आजच कळवा की क्लॅम्प उलटा आहे आणि एक पुरत नाही. पावसाळा तोंडावर आहे, आत्ता कितीतरी अंगणांत हे असंच टांगलेलं असेल. अपुऱ्या आणि चुकीच्या सूचनांमुळे झालेल्या नुकसानीला उत्पादक जबाबदार असतो, हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलेलं आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवेन आणि चेपलेली दोरी, क्लॅम्प व तुमचं माहितीपत्रक घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. दोरी मी जपून ठेवली आहे, क्लॅम्प जागेवरून हलवलेला नाही.

उत्तर देणाऱ्याने आधी ते दुसरं पान उघडून पाहावं आणि मगच मला पत्र लिहावं.

तुमची ग्राहक
(पावती, दोरीचे व खिडकीचे फोटो सोबत जोडले आहेत)